सागरी आम्लीकरणाचा हिशेब: कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरल्यावर कार्बोनेट कुठे जाते

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात नेटार्ट्स उपसागराच्या काठावर व्हिस्की क्रीक नावाचे कालवांचे बीजोत्पादन केंद्र आहे. २००७ आणि २००८ या वर्षी तेथील टाक्यांमध्ये पॅसिफिक कालवांची कोट्यवधी पिले दगावली. सुरुवातीला संशय व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंवर गेला आणि पाणी निर्जंतुक करण्याची व्यवस्थाही झाली, पण मरतूक थांबली नाही. पुढे केंद्रातील ॲलन बार्टन आणि ऑरेगन राज्य विद्यापीठातील बर्क हेल्स, जॉर्ज वॉल्डबसर यांनी पाण्याचे रसायन बारकाईने मोजले, तेव्हा खरे कारण समोर आले. पिले जन्मतात त्या पहिल्या ४८ तासांत पाण्यातील कार्बोनेट आयन किती आहेत, यावर त्यांचे पुढचे भवितव्य ठरत होते.

या घटनेमागचे रसायन पाण्याचा पीएच पाहून पुरते कळत नाही. त्यासाठी कार्बोनेटचा हिशेब स्वतः करून पाहावा लागतो. हिशेब लांबलचक नाही. वही, गणकयंत्र आणि मोजके स्थिरांक एवढ्यावर तो होतो. खाली तो पायरीपायरीने मांडला आहे, आणि शेवटी पुन्हा कालवांच्या टाकीकडे वळून त्याच हिशेबाने पाणी कसे दुरुस्त करतात ते पाहिले आहे.

पहिली पायरी: हवेतून पाण्यात किती वायू उतरतो

हवेतील कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा, जितका जास्त, तितका तो पाण्यात अधिक विरघळतो. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ३५ क्षारांक, म्हणजे किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, असलेल्या समुद्राच्या पाण्यासाठी या विद्राव्यतेचा स्थिरांक ०.०२८४ आहे, म्हणजे दाबाच्या प्रत्येक मायक्रोॲटमॉस्फिअरमागे एक किलो पाण्यात ०.०२८४ मायक्रोमोल वायू विरघळतो. औद्योगिक काळापूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दशलक्षांत सुमारे २८० भाग होते, आणि २०२३ च्या सुमारास ते ४२० झाले. हवेचा एकूण दाब एक ॲटमॉस्फिअर धरला की दशलक्षांतला एक भाग म्हणजे एक मायक्रोॲटमॉस्फिअर. त्यामुळे पृष्ठभागाच्या पाण्यातील विरघळलेला वायू २८० × ०.०२८४ = ७.९५ मायक्रोमोल प्रति किलोवरून ४२० × ०.०२८४ = ११.९३ मायक्रोमोलवर गेला. पाणी थंड असेल तर हा स्थिरांक वाढतो. शून्य अंशाजवळ तो येथील किमतीच्या दुपटीहून अधिक होतो. ध्रुवीय समुद्रांत कार्बोनेट मुळातच कमी असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

चार मायक्रोमोलची ही वाढ पाहून एवढ्याने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. पण विरघळलेला वायू म्हणून शिल्लक राहिलेला हा भाग, पाण्यात प्रत्यक्ष शिरलेल्या कार्बनचा अगदी छोटा अंश असतो. बाकीचा कुठे गेला, हे पुढच्या पायऱ्यांतून कळते.

दुसरी पायरी: कार्बोनिक आम्ल आणि त्याची दोन विघटने

विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल बनवतो. प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी विरघळलेल्या वायूचा हजारात एखाद-दुसरा भागच खऱ्या अर्थाने आम्लाच्या रूपात असतो. दोघांना वेगळे मोजणे अवघड असल्याने रसायनशास्त्रात त्यांची बेरीज एकच राशी म्हणून धरतात आणि पुढील स्थिरांक त्या बेरजेसाठीच ठरवलेले असतात. त्यामुळे वरच्या ११.९३ मध्ये आम्लाचा वाटा आधीच धरलेला आहे, तो पुन्हा मिळवायचा नाही.

हे आम्ल एक हायड्रोजन आयन सोडते आणि बायकार्बोनेट उरते. बायकार्बोनेटने आणखी एक हायड्रोजन आयन सोडला तर कार्बोनेट उरते.

```
CO2 + H2O  ⇌  H+ + HCO3-      K1 = 1.42e-6
HCO3-      ⇌  H+ + CO3(2-)    K2 = 1.08e-9
```

ही समीकरणे डावीकडून उजवीकडे वाचताना बहुतेकांची एक चूक होते. कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणजे बायकार्बोनेट वाढले, आणि बायकार्बोनेट वाढले म्हणजे कार्बोनेटही वाढले असणार, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. पहिल्या अभिक्रियेतून सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यात मोकळे फिरत राहत नाहीत. त्यांतले बहुतेक आधीपासून असलेल्या कार्बोनेट आयनांना जाऊन चिकटतात आणि त्यांचे बायकार्बोनेट करतात, म्हणजे दुसरी अभिक्रिया उलट दिशेने सरकते. दोन्ही एकत्र केल्या की निव्वळ बदल असा दिसतो:

```
CO2 + CO3(2-) + H2O  →  2 HCO3-
```

सागरी आम्लीकरणाचा गाभा या एका ओळीत आहे. आत आलेले बहुतेक रेणू कार्बोनेटचा एकेक आयन खर्च करतात, आणि समुद्र बराच कार्बन डायऑक्साइड शोषू शकतो तोही याच खर्चाच्या बळावर. कार्बोनेट जसजसे संपत जाते तसतशी पुढचा वायू सामावून घेण्याची पाण्याची क्षमताही घटत जाते.

तिसरी पायरी: क्षारता धरून पीएच शोधणे

आता आकडे काढायचे. विरघळलेला वायू माहीत आहे. दुसरी एक राशी हवी, आणि ती म्हणजे एकूण क्षारता. पाण्यातील जे घटक हायड्रोजन आयन स्वीकारू शकतात त्यांची ही मोजदाद आहे: बायकार्बोनेट एकदा, कार्बोनेट दोनदा, शिवाय बोरेट आणि हायड्रॉक्साइड. हवेतून कार्बन डायऑक्साइड आत आला किंवा बाहेर गेला तरी क्षारता बदलत नाही, कारण वायू स्वतः विद्युतभाररहित असतो. म्हणूनच जुने पाणी आणि आजचे पाणी यांची तुलना करताना दोन्हीकडे क्षारता तीच धरता येते. येथे आपण ती २३०० मायक्रोमोल प्रति किलो घेऊ; खुल्या उष्णकटिबंधीय समुद्रासाठी हा आकडा वास्तवाला धरून आहे.

पद्धत अंदाज आणि पडताळा अशी आहे. आधी पीएचचा अंदाज घ्यायचा, त्यावरून हायड्रोजन आयनांचे प्रमाण, त्यावरून बायकार्बोनेट आणि मग कार्बोनेट काढायचे. शेवटी क्षारतेची बेरीज २३०० ला जुळते का ते पाहायचे. ४२० च्या पाण्यासाठी पीएच ८.०० धरला, तर हायड्रोजन आयन १.०० × १०⁻⁸ होतात. बायकार्बोनेट म्हणजे पहिला स्थिरांक गुणिले विरघळलेला वायू भागिले हायड्रोजन आयन, ते सुमारे १६९४ येते. त्याला दुसऱ्या स्थिरांकाने गुणून पुन्हा हायड्रोजन आयनांनी भागले की कार्बोनेट १८३ मिळते. बोरेटसाठी पाण्यातील एकूण बोरॉन ४१६ मायक्रोमोल आणि बोरिक आम्लाचा स्थिरांक २.५३ × १०⁻⁹ वापरला की ८४ येतात, आणि पाण्याच्या स्वतःच्या विघटनाच्या स्थिरांकावरून हायड्रॉक्साइड ६. बेरीज १६९४ + ३६६ + ८४ + ६ = २१५०. ही बेरीज २३०० हून कमी आहे, म्हणजे धरलेला पीएच कमी पडला. ८.०५ धरला तर बेरीज २४६० होते, जी जास्त आहे. असे दोन्ही बाजूंनी जवळ येत गेले की ८.०२५ ला बेरीज २२९९ वर टेकते, आणि एवढी जुळणी पुरेशी आहे. २८० च्या पाण्यासाठी हीच कृती केली तर पीएच ८.१६६ मिळतो.

| राशी (मायक्रोमोल प्रति किलो) | २८० ला | ४२० ला |
|---|---|---|
| विरघळलेला वायू | ८ | १२ |
| बायकार्बोनेट | १६५५ | १७९४ |
| कार्बोनेट | २६२ | २०५ |
| बोरेट | ११३ | ८८ |
| एकूण विरघळलेला कार्बन | १९२५ | २०११ |

एकूण विरघळलेला कार्बन म्हणजे पहिल्या तीन ओळींची बेरीज. आता दोन स्तंभांतला फरक नीट वाचावा. पाण्यात नव्याने शिरलेला कार्बन ८६ मायक्रोमोल आहे. त्यातले ४ वायूच्या रूपातच राहिले आणि ८२ खर्ची पडले. या ८२ पैकी ५७ नी कार्बोनेटशी संयोग करून प्रत्येकी दोन बायकार्बोनेट बनवले, तर २५ नी आपला हायड्रोजन आयन बोरेटला देऊन प्रत्येकी एक. म्हणून बायकार्बोनेटची वाढ ११४ + २५ = १३९. हिशेब तंतोतंत जुळतो, आणि पहिल्या पायरीतील ते चार मायक्रोमोल एवढे क्षुल्लक का दिसत होते तेही उलगडते.

पीएचमधील घट ०.१४ आहे. पीएच लघुगणकी मापन असल्यामुळे हायड्रोजन आयनांची वाढ ३८ टक्के होते, आणि कार्बोनेट २२ टक्क्यांनी घटते. पाणी दोन्ही वेळी अल्कधर्मीच आहे; आम्लीकरण हा शब्द येथे दिशा सांगतो, पाणी सातच्या खाली गेल्याचे सांगत नाही.

हातांनी काढलेले उत्तर पडताळायचे असेल तर पायथॉनमधील PyCO2SYS हे मोफत साधन आहे. त्याच्या १.८ आवृत्तीत ही आज्ञा चालते. १ हा संकेत क्षारतेचा आणि ४ हा वायूच्या आंशिक दाबाचा आहे.

```python
import PyCO2SYS as pyco2
r = pyco2.sys(par1=2300, par2=420,
              par1_type=1, par2_type=4,
              salinity=35, temperature=25)
print(r["pH"], r["carbonate"], r["saturation_aragonite"])
```

चौथी पायरी: कवचासाठी कार्बोनेट पुरेसे आहे का

कालवांची पिले आपले पहिले कवच ॲरागोनाइटचे बनवतात. हे कॅल्शियम कार्बोनेटचे, कॅल्साइटपेक्षा सहज विरघळणारे रूप आहे. पाणी त्यासाठी किती अनुकूल आहे हे संपृक्ततेच्या अंकावरून कळते: कॅल्शियमचे प्रमाण गुणिले कार्बोनेटचे प्रमाण, भागिले ॲरागोनाइटचा विद्राव्यता गुणांक. समुद्रात कॅल्शियम भरपूर, म्हणजे किलोमागे सुमारे १०.३ मिलिमोल असते आणि क्षारांक तोच असेल तर फारसे बदलत नाही. गुणांक २५ अंशांना सुमारे ६.५ × १०⁻⁷ आहे. म्हणून हा अंक जवळजवळ पूर्णपणे कार्बोनेटवर हलतो: २६२ ला तो ४.१५ येतो आणि २०५ ला ३.२५. अंक एकच्या खाली गेला की उघडे ॲरागोनाइट विरघळू लागते.

एक या अंकाची सीमा शुद्ध खनिजासाठी आहे, प्राण्यासाठी नाही, आणि दोन्हींची गल्लत केल्यास निष्कर्ष चुकतात. प्रौढ कालव कवच बनवण्याच्या जागी स्वतःचे रसायन बऱ्याच अंशी सांभाळते, त्यामुळे काही काळ एकच्या खालीही तग धरते. याउलट नुकत्याच जन्मलेल्या पिलाला अंड्यातील मर्यादित ऊर्जेवर दोन दिवसांच्या आत पहिले कवच घडवावे लागते, आणि ते बाहेरच्या पाण्याच्या फार जवळ राहून घडते. अंक दीडवर असला, म्हणजे खनिज विरघळत नसले, तरी कवच घडवण्याचा खर्च वाढतो आणि अन्न खायला लागण्यापूर्वीच शिधा संपतो. नेटार्ट्समध्ये नेमके हेच दिसले. जन्मवेळच्या पाण्याचा परिणाम लगेच दिसत नव्हता. पिले सुमारे १२० मायक्रोमीटरपर्यंत सारखीच वाढत आणि त्यानंतर वाढ खुंटे. म्हणून मरतूक होई त्या दिवशीचे पाणी तपासून काही सापडत नव्हते. कारण कित्येक दिवस आधीच्या पाण्यात होते.

येथे आणखी एक बाब प्रामाणिकपणे मांडायला हवी. कवचावर परिणाम संपृक्ततेमुळे होतो की हायड्रोजन आयन वाढल्याने, यावर संशोधकांत मतभेद आहेत, कारण निसर्गात दोन्ही एकत्रच बदलतात. कालवांच्या पिलांबाबत संपृक्तता महत्त्वाची असल्याचे पुरावे भक्कम आहेत, पण तोच निष्कर्ष प्रत्येक प्रवाळाला किंवा शेवाळाला लावू नये.

नेटार्ट्सचे पाणी इतके बिघडले कसे

उन्हाळ्यात ऑरेगनच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारे वाहतात आणि पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. त्याची जागा खालून वर येणारे थंड पाणी घेते. हे पाणी दशकानुदशके हवेच्या संपर्कात आलेले नसते, आणि त्या काळात वरून गळणारे सेंद्रिय अवशेष कुजून त्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. म्हणजे येथील सगळा दोष मानवी उत्सर्जनाचा नाही. या पाण्यात कार्बोनेट नैसर्गिकरीत्याच कमी असते. पण ते पाणी शेवटचे हवेला भिडले तेव्हा त्याने मानवनिर्मित वायूचाही वाटा घेतला होता, आणि आधीच काठावर असलेल्या पाण्याला सीमेपलीकडे न्यायला तो वाटा पुरला. सागररसायनशास्त्रज्ञ रिचर्ड फीली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या सफरीत असे ॲरागोनाइटला विरघळवणारे पाणी थेट किनाऱ्यालगतच्या उथळ खंडमंचावर चढलेले आढळले, आणि ते निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा दुसरा अर्थ असा की आज वर येणारे पाणी काही दशकांपूर्वीच्या हवेची नोंद घेऊन येते, आणि आजच्या हवेची नोंद पुढे यायची आहे.

टाकीतील पाणी दुरुस्त करणे

समजा टाकीत असे पाणी आले आहे: २५ अंशांना गरम केलेले, क्षारता २२९६ आणि एकूण विरघळलेला कार्बन २२००. हे नेटार्ट्समधील मोजमाप नाही, हिशेब समजावा म्हणून घेतलेले पाणी आहे. वरच्याच समीकरणांतून पीएच ७.६१, कार्बोनेट सुमारे ९० आणि संपृक्तता १.४ निघते. पिलांसाठी हे पाणी वाईट आहे.

पहिला उपाय धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा. एक मायक्रोमोल सोडा घातला की विरघळलेला कार्बन एकाने आणि क्षारता दोनने वाढते. १०० मायक्रोमोल प्रति किलो घालायचे ठरवले तर कार्बन २३०० आणि क्षारता २४९६ होते. सोडियम कार्बोनेटचा रेणुभार १०६ असल्यामुळे एक टन पाण्यासाठी निर्जल सोडा १०.६ ग्रॅम लागतो. नव्याने सोडवल्यास पीएच ७.८३, कार्बोनेट १५५ आणि संपृक्तता २.५ येते. घातलेल्या १०० मधले ६५ च कार्बोनेट म्हणून टिकले, कारण ३५ विरघळलेला वायू आणि बोरिक आम्ल उदासीन करण्यात गेले. कार्बोनेट १०० ने वाढेल असे धरून मात्रा ठरवली तर ती नेहमी कमी पडते. सोडा आधी गोड्या पाण्यात विरघळवून, जोरात वाहत्या धारेत हळूहळू सोडावा; एकदम ओतला तर त्या जागी पीएच उसळतो, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा पांढरा साका दिसतो, आणि ज्यासाठी सोडा घातला ते कार्बोनेटच त्या साक्यात अडकते.

दुसरा उपाय पाण्यात हवा खेळवून जादा वायू काढून टाकणे. क्षारता तीच राहून पाणी हवेशी पूर्ण समतोलात आले तर कार्बोनेट पुन्हा २०५ च्या आसपास जाते, म्हणजे सोड्यापेक्षाही चांगले. अडचण वेळेची आहे. पाण्यात वायूच्या रूपात ३६ मायक्रोमोलच असतात, पण काढावे लागतात सुमारे १९०, कारण वायू बाहेर पडू लागला की बायकार्बोनेट फुटून तो पुन्हा तयार होत राहतो. थोडा वेळ हवा सोडून पीएच सुधारलेला दिसला तरी दुरुस्ती पूर्ण झालेली नसते. व्हिस्की क्रीकमध्ये सोड्याची मात्रा सतत देण्याबरोबरच पाणी आत घेण्याची वेळही बदलली. उपसागरातील पाणवनस्पती दिवसभर प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे दुपारनंतरचे पाणी पहाटेच्या पाण्यापेक्षा बरेच चांगले असते.

मोजताना कुठे चुकते

कार्बोनेट सहसा थेट मोजत नाहीत. पीएच, आंशिक दाब, क्षारता आणि एकूण विरघळलेला कार्बन यांपैकी कोणत्याही दोन राशी मोजून बाकीचे काढतात. सर्वांत स्वस्त जोडी पीएच आणि क्षारतेची, आणि सर्वांत जास्त चुका पीएचमध्ये होतात. बाजारातील काचेचा प्रोब ज्या प्रमाण द्रावणांनी जुळवतात ती गोड्या पाण्यावर आधारलेली असतात. समुद्राच्या पाण्यात तो ०.१ इतका सहज चुकू शकतो, आणि औद्योगिक काळापासूनची संपूर्ण घट ०.१४ आहे हे आपण वर पाहिले. असा प्रोब एकाच टाकीतील सकाळ-संध्याकाळचा फरक दाखवायला उपयोगी पडतो. दोन ठिकाणांची किंवा दोन वर्षांची तुलना करायला नाही. त्यासाठी मेटा-क्रेसॉल पर्पल हा रंगद्रव्य सूचक घालून वर्णपटमापीने पीएच मोजतात, आणि क्षारतेचे अनुमापन प्रमाणित संदर्भ पाण्यावर पडताळून घेतात.

नमुना घेतानाही काळजी हवी. बाटली तळापासून नळीने, बुडबुडे न होऊ देता भरावी आणि वरून पाणी ओसंडू द्यावे. नमुना तसाच ठेवला तर आतले सूक्ष्मजीव श्वसन करून कार्बन वाढवत राहतात, म्हणून प्रयोगशाळेत मर्क्युरिक क्लोराइडची अल्प मात्रा घालतात. हे विषारी पारदसंयुग असल्याने प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हाताळू नये. ते नसेल तर नमुना थंड व अंधारात ठेवून त्याच दिवशी मोजावा.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हा हिशेब करणाऱ्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पावसाळ्यात खाड्यांचे पाणी इतके गोडे होते की क्षारता आणि कॅल्शियम दोन्ही घटतात, स्थिरांक बदलतात, आणि कार्बन डायऑक्साइड न वाढताही संपृक्तता खाली येते. त्याच हंगामात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिम किनाऱ्यावर खालचे, प्राणवायू कमी आणि कार्बन जास्त असलेले पाणी वर चढते. खाडीतील कालवांच्या जागेचे पाणी तपासायचे असेल तर प्रत्येक नमुन्याबरोबर क्षारांक आणि तापमान नोंदवावे, क्षारता क्षारांकावरून अंदाजाने न धरता स्वतंत्र मोजावी, आणि भरतीचे व ओहोटीचे नमुने वेगवेगळे ठेवावेत. तसे केले नाही तर पावसाने घटवलेले कार्बोनेट आणि वायूने घटवलेले कार्बोनेट आकड्यांत वेगळे ओळखता येत नाही.